मुंगीवर सुटलेला निबंध

सराव परीक्षेत प्रश्न होता : ‘जैन आणि बौद्ध कर्मविचारात साम्यापेक्षा भेद महत्त्वाचा आहे. चर्चा करा.’ वेळ ४० मिनिटं. अमळनेरच्या आमच्या वर्गातला सगळ्यात जास्त वाचणारा मुलगा पेपर देताना कुरकुरला, “येळच पुरना नही, सर.”

पेपर पाहिला. चार पानं महावीर, पंचव्रतं, त्रिरत्नं. बौद्ध धर्म शेवटच्या नऊ ओळींत, तोही अष्टांगिक मार्गाच्या यादीपुरता. तुलना कुठेच नाही. मी दोन रंगांच्या पेनांनी दोन्ही धर्मांची नावं अधोरेखित केली. पहिली चारही पानं एकाच रंगाची निघाली, तेव्हा त्यालाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, पुन्हा घड्याळ लावून. पहिली ६ मिनिटं उत्तरपत्रिकेला हात लावायचा नाही. कच्च्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे जैन, उजवीकडे बौद्ध, आणि आडव्या तीन ओळी : कर्म म्हणजे काय, ते कोणाला लागतं, हेतू नसेल तर काय. तीन ओळी, तीन परिच्छेद. प्रत्येकात दोन्ही धर्म आलेच पाहिजेत. सुरुवातीला ३ मिनिटं, परिच्छेदाला ८, निष्कर्षाला ५, उरलेली २ वाचायला.

पहिल्या दोन ओळी त्याने झटकन भरल्या. जैनांकडे कर्म म्हणजे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, ते जीवाला चिकटतं. बौद्धांकडे कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू, आणि चिकटायला नित्य आत्माच नाही. तिसऱ्या ओळीशी मात्र तो अडला. मी म्हटलं, “खळ्यात चालताना नकळत मुंगी चिरडली, तर?”

त्याने आधी लिहिलं, ‘जैन : पाप, बौद्ध : नाही.’ मग स्वतःच खोडलं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात हिंसेची व्याख्या आहे ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’, म्हणजे प्रमादाने जीव घेणं. म्हणजे जैनही नुसती कृती मोजत नाहीत, बेफिकिरीही मोजतात. भेद उरतो, पण अरुंद होतो : एकीकडे हेतू, दुसरीकडे सावधपणाही. आणि प्रश्नातलं ‘महत्त्वाचा’ तोलायला नेमकं हेच लागत होतं. आदल्या दिवशीच्या चार पानांत त्या शब्दाला स्पर्शही नव्हता. (माहिती जास्त असलेली मुलं इथेच जास्त फसतात, असं मला वाटतं.)

तिसरा परिच्छेद मुंगीवरच रंगला आणि ८ची ११ मिनिटं झाली. ३६वं मिनिट लागलं तसा मी नुसता टेबलावर बोट टेकवलं. त्याने वाक्य अर्धं टाकलं नाही. ते एका शब्दात संपवून थेट निष्कर्षाला गेला : भेद महत्त्वाचा खरा, पण आत्म्याच्या प्रश्नावर जितका, तितका हेतूच्या प्रश्नावर नाही.

अडीच पानं झाली. वाचायच्या २ मिनिटांपैकी एकच उरलं होतं, त्यात त्याने ‘पुद्गल’चा राहिलेला पाय मोडून ‘द्’ नीट केला.