रजा 2 दिवसांची की 4?

आज कंपनीचं रजेचं धोरण तपासायला बसले. नव्याने रुजू झालेल्या मुलीला विचारलं, शुक्रवार आणि सोमवार रजा घेतलीस तर किती दिवस वजा होतील? तिने कलम वाचून 2 सांगितले. तिच्या मॅनेजरने पुढच्या पानावरचं कलम दाखवून 4 सांगितले, कारण तिथे मधला शनिवार-रविवारही रजेत धरलाय. दोघांचंही वाचन बरोबर, हेच मला फार खटकलं. सॉफ्टवेअर तर 2च वजा करतं. म्हणजे 4 चा नियम लावायचा तर हाताने दुरुस्ती, आणि ती कुणाची करायची हे ज्याच्या-त्याच्या मॅनेजरच्या मर्जीवर. नव्या माणसाला हे पगार कापल्यावरच कळणार! दुसरं कलम काढा आणि पहिल्याखाली हेच उदाहरण छापा, असं लेखी कळवलंय.