२२ टक्के चांगले की वाईट?

"आमच्या ॲड-ऑनचा अटॅच रेट २२ टक्के आहे, हे चांगलं की वाईट?"

प्लॅनप्रमाणे फोडून दाखवा, मग सांगतो. शंभर गिऱ्हाइकांमागे किती जणांनी ॲड-ऑन घेतला एवढंच हा आकडा सांगतो, कोणी घेतला ते सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच असते.

मी दुकानदारांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं प्रायसिंग बघायचो तेव्हाचंच घ्या, आकडे गोल करून सांगतो. उधारीची आठवण व्हॉट्सॲपवर आपोआप पाठवणारा ॲड-ऑन होता, महिना २०० रुपये. एक हजार गिऱ्हाइकं, त्यातल्या २२० जणांनी घेतलेला. फोडून बघितलं तर ३०० रुपयांच्या साध्या प्लॅनवर ७०० पैकी फक्त २८, ८०० च्या मधल्या प्लॅनवर २५० पैकी १७५, आणि सगळ्यात मोठ्या प्लॅनवर ५० पैकी १७. म्हणजे ४ टक्के, ७० टक्के आणि ३४ टक्के, २२ टक्के कुठेच नाही!

साध्या प्लॅनवाल्यांना गरज नव्हती असं नाही. एक हार्डवेअरवाले काका फोनवर म्हणाले, "अहो तीनशेच्या सॉफ्टवेअरला दोनशेचा मेसेज?" ॲड-ऑनची किंमत माणूस मूळ प्लॅनशी ताडून बघतो, तेच २०० रुपये ८०० वाल्याला जड वाटत नाहीत.

मधल्या प्लॅनवर मात्र दहातले सात जण घेतायत म्हटल्यावर ती वस्तू प्लॅनच्या आतच हवी, असं माझं ठाम मत आहे. पण हिशोब करा आधी. २५० जणांचे ८०० आणि १७५ जणांचे २००, मिळून महिन्याला २,३५,००० येत होते. सगळं आत घालून किंमत ९०० केली तर २,२५,०००, म्हणजे १०,००० चा खड्डा, आणि ज्या ७५ जणांना ते नकोच होतं त्यांना विनाकारण १०० ची वाढ. खड्डा भरायचा तो साध्या प्लॅनवाल्यांकडून, कारण ॲड-ऑन नसलेला एक जण वर आला की ६०० जास्त देतो, म्हणजे असे १७ जण आले की भागलं. ७०० मधले १७.

आणखी एक, हा रेट साइनअपच्या दिवशी मोजू नका. आधीच टिक केलेल्या चौकटीमुळे तो फुगतो (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांवरच्या, म्हणजे डार्क पॅटर्नवरच्या, २०२३ च्या सरकारी नियमावलीत हे नाव घेऊन चुकीचं ठरवलंय, आणि ते बरोबरच आहे) आणि दुसरं बिल आलं की लोक बंद करतात. मी तीन महिन्यांनी मोजतो आणि त्यांनी खरंच मेसेज पाठवले का तेही बघतो.

मधल्या प्लॅनची ९०० ही नवीन किंमत आम्ही आधी फक्त नवीन गिऱ्हाइकांना लावली, जुन्यांचं बिल होतं तसंच ठेवलं.