नट आणखी आवळला, आणि गळती वाढली

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या जुन्या घरांत प्लंबिंग करताना सिंकखालची गळती नेहमीचीच असते. तरी मागच्या आठवड्यातले एक काम अजून मनातून जात नाही. स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या 15 मिमी तांब्याच्या पाइपचा कॉम्प्रेशन जोड पाझरत होता. आधीच्या प्लंबरने तो आवळला, नंतर घरमालकांनीही आवळला, आणि दर वेळी पाझर थोडे दिवस थांबून पुन्हा वाढत गेला.

नट काढताच आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर दिसले. हे पाहून मला चीड येते, कारण या जोडात पाणी आटे अडवतच नाहीत. नट फिरला की तो पितळी ऑलिव्हला, म्हणजे दोन्ही कडांना उतरत्या असलेल्या कडीला, फिटिंगच्या शंकूसारख्या तोंडात दाबतो. ती आक्रसून पाइपला धरते आणि तिची उतरती बाजू त्या तोंडावर बसते. पाणी याच दोन जागी अडते. पाइपची भिंत मात्र जेमतेम 0.7 मिमी असते. मर्यादेपलीकडे आवळले, की ती भिंत आत दबते आणि ऑलिव्हला पाठीमागून मिळणारा आधारच नाहीसा होतो. ऑलिव्हचा गोलपणाही बिघडू शकतो.

ऑलिव्ह करवतीने तिरकी कापताना पाइपला धक्का लागणार नाही एवढीच खोल चीर दिली, चिरेत पेचकस पिळून ती उकलली, आणि खाली पाइपची आवळलेली कंबर उघडी पडली. अंगठ्याच्या नखालाही ती खोबण लागत होती. कॅलिपरने तिथे 14.3 मिमी भरले. अशा कंबरेवर नवी ऑलिव्ह बसवून उपयोग नसतो, कारण ती खोबणीच्या काठांवर टेकते आणि मध्ये पाण्याला वाट राहते.

खराब भाग कापून टाकावाच लागला, आणि पाइप नळापर्यंत पुरेना. म्हणून कापलेले टोक आतून-बाहेरून साफ करून, एका टोकाला 15 मिमी कॉम्प्रेशन जोड असलेली लवचीक नळी घेतली. पाइप आतल्या थांब्यापर्यंत ढकलला, नट हाताने घट्ट केला, एका पान्याने फिटिंग धरून दुसऱ्याने नट सुमारे एक फेरा फिरवला. गरम पाणी सोडून कोरडा टिश्यू पेपर जोडाभोवती फिरवला. तो कोरडाच राहिला. ओल दिसली असती, तर फार तर पाव फेरा आणखी दिला असता.

लांब दांड्याच्या पान्याने पितळ आणि तांबे दोन्ही मुकाट्याने दबत जातात, आणि हाताला ‘आता पुरे’ असे काही सांगत नाहीत. त्यामुळे तो कापलेला तुकडा हातात घेऊनही पाइपची कंबर पहिल्या प्लंबरच्या हाताने गेली की घरमालकांच्या, हे मला ठरवता आलेले नाही. टेप मात्र नक्कीच पहिल्याची होती, असे घरमालकांनी सांगितले.