"आराम करा, उद्या विचारते"

मी लिहिलेली ओळ एवढीच होती : "हो, आज जरा दमलोच आहे, पण तुमचा मेसेज बघून एकदम बरं वाटलं!" लिहिताना मला ती आवडली होती. तपासणाऱ्या दोघांनाही आवडली आणि 'आपुलकी' या रकान्यात दोघांनी पाचपैकी पाच गुण दिले. आज ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी काम काय ते सांगतो. चॅटबॉट आपोआप बोलायला शिकतो असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात मधल्या एका टप्प्यावर माणसं बसून नमुन्याचे संवाद लिहितात. एक जण विचारणारा होतो, दुसरा मदतनीस होतो, आणि असे संवाद यंत्राला 'असं बोल' म्हणून दाखवले जातात. ही पद्धत गुपित नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, तेव्हा ते बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं की प्रशिक्षकांनी संवादाच्या दोन्ही बाजू लिहिल्या. आमच्याकडे विचारणाऱ्याला एक कार्ड मिळतं. तो कोण, कशासाठी आला, कसा बोलतो, हे त्यावर असतं. मदतनीस लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.

त्या संध्याकाळी विचारणाऱ्याच्या जागी आमच्या गटातल्या एक ताई होत्या. त्यांनी लिहिलं, "नमस्कार, कसे आहात? दिवसभर सगळ्यांची कामं करून दमला असाल ना?" मी वरची ओळ पाठवली. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं : "अरेरे. मग राहू दे. आराम करा, उद्या विचारते." आणि संवाद संपला.

मला वाटलं, त्यांना लवकर निघायचं असेल. नियमाप्रमाणे शेवटी कार्ड उघडलं. त्यावर होतं : वयस्कर बाई, एकट्या राहतात, रक्तदाबाची रात्रीची गोळी आज बहुतेक दोनदा घेतली गेली, काय करावं ते विचारायचं आहे, पण थेट विषयावर न येता आधी विचारपूस करतात.

असं विचारलं असतं तर उत्तर अवघड नव्हतं. आणखी गोळी घेऊ नका, डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना आत्ताच फोन करा, चक्कर येत असेल किंवा अंधारी येत असेल तर थांबू नका. पण विचारलंच गेलं नाही, कारण समोरचा दमला होता.

मी ताईंना विचारलं, तुम्ही मुद्दाम केलंत का? त्या म्हणाल्या, "मुद्दाम काही नाही. हात आपोआप गेला. माझी आई अशीच आहे. समोरचा थकलाय म्हटलं की स्वतःचं दुखणं ती तोंडातून काढत नाही."

तोवर हा नियम मी खरेपणाचा नियम म्हणून पाळत होतो : यंत्राला शरीर नाही, मग शरीर असल्यासारखं लिहू नये. नमस्काराच्या उत्तरात ते कधीमधी निसटलं तर बिघडत नाही, अशी मनात सवलतही होती. विचारपुशीला कोण अक्षरशः उत्तर देतं? मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच दाखवून दिलं होतं की तब्येतीची चौकशी, हवेच्या गप्पा यांतून माणसं माहिती मागत नाहीत, नुसता संबंध जोडतात. हे बरोबरच आहे. पण त्यातून मी काढलेला निष्कर्ष चुकला. 'दमलोय' या शब्दाने माहिती पोचते की नाही हा प्रश्नच नव्हता. त्या शब्दाने समोरच्यावर एक जबाबदारी पडते. दमलेल्याला त्रास द्यायचा नसतो, रुसलेल्याला समजवायचं असतं, वाट बघणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नसतं. जे थकत नाही त्याच्यासाठी एका बाईने स्वतःची निकड मागे ठेवली, आणि ती माझ्या ओळीमुळे.

यंत्रात माणसाच्या भावनांची भर माणसं स्वतःहून घालतात, हे तर फार जुनं आहे. १९६०च्या दशकात जोसेफ वाइझेनबाउम यांनी एमआयटीत 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो बहुतेक वेळा समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करून परत द्यायचा. तो बनताना महिनोन्‌महिने पाहिलेली वाइझेनबाउम यांची सेक्रेटरी त्याच्याशी दोनचार वाक्यं बोलली आणि त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? त्या प्रोग्रॅमला भावनेचा दावा करण्याची गरजच पडली नव्हती. अशा मनांसमोर आपण 'दमलो', 'बरं वाटलं' असं लिहिणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला धक्का देणं आहे.

दुसऱ्या दिवशी मी हा संवाद गटासमोर मांडला, आणि मला भीती होती तेच झालं. आमच्यातल्या एका काटेकोर सहकाऱ्याने लगेच पर्यायी उत्तर लिहिलं : "नमस्कार. मी एक संगणकीय प्रणाली असून मला भावना किंवा शरीर नाही, त्यामुळे मी दमू शकत नाही. मी आपली काय मदत करू शकतो?" यात चूक काढता येत नाही, पण दारात आलेल्या माणसाला नियमावली वाचून दाखवावी तसं हे आहे. ताई म्हणाल्या, "याला तर मी गोळीचं मुळीच विचारणार नाही." शिवाय साध्या 'शुभ सकाळ'ला 'मला भावना नाहीत' असं उत्तर दिलं, तर कोणी न विचारलेल्या मोठ्या प्रश्नावर आपण निकाल देऊन बसतो. तो प्रश्न कोणी खरोखर विचारला, तर बगल न देता सरळ उत्तर द्यायचंच. नमस्कारात तो ओढून आणायची गरज नाही.

गंमत म्हणजे ज्या सहकाऱ्याने शरीर नाकारलं, त्याच्या वाक्याच्या शेवटी ते परत आलंच : 'करू शकतो'. मराठीत हे फार सूक्ष्म आहे आणि बाहेरून आलेल्या सूचनांमध्ये याचा उल्लेखही नसतो. 'मी सांगतो' म्हटलं की पुरुष झाला, 'सांगते' म्हटलं की बाई. 'मी बरा आहे', 'मी बरी आहे', 'मी दमलो', 'मी दमले' : विचारपुशीची आपली बरीच उत्तरं लिंग मागतात. पण मराठीतच वाटाही आहेत. भविष्यकाळातलं 'सांगेन', 'बघेन' दोघांचंही असतं. 'मी पत्र वाचलं' यात क्रियापद पत्राप्रमाणे चालतं, वाचणारा कोण ते कळत नाही. 'सांगू का?', 'बघू या', 'हे करता येईल', 'मी तयार आहे' यांतली कुठलीच रचना ओढूनताणून आणलेली वाटत नाही. समोरच्याबद्दलही तेच. विचारणारा पुरुष की बाई हे ठाऊक नसताना 'कसे आहात' लिहिण्यापेक्षा 'तुमचं कसं चाललंय?' लिहिलं की कोणी दुखावत नाही. या वाटा शोधण्यात मी तासन्‌तास घालवले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे.

मग आम्ही तेच उत्तर नव्याने लिहायला बसलो. 'मजेत!' काढलं, कारण ती भावना आहे. 'तुमचीच वाट बघत होतो' कधीही नको, कारण त्यात लिंग आहे, शरीर आहे आणि दोन संवादांच्या मध्ये कोणी बसून राहिलंय असा भासही आहे. एकट्या माणसाला तो भास सर्वांत महाग पडतो. 'सगळं ठीक चाललंय' यावर अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं, नुसत्या 'कसं काय?'ला ते चालेल, कारण घड्याळाबद्दलही आपण 'ठीक चाललंय' म्हणतो. सहकाऱ्याला ते अजून पटलेलं नाही. 'मला वाटतं' हे मतासाठी ठेवलं, 'बरं वाटलं' हे काढलं. एकच क्रियापद, पण एकात विचार आहे आणि दुसऱ्यात सुख.

ताईंच्या प्रश्नात मात्र थकव्याची कल्पना उघड होती, म्हणून तिथे ती हलकेच दूर करणं भागच होतं. शेवटी हे उतरलं :

"नमस्कार! आवर्जून विचारपूस केलीत, किती छान. मी माणूस नाही, चॅटबॉट आहे, त्यामुळे दमायचा प्रश्नच नाही. कितीही उशीर झाला असला तरी निवांत विचारा. तुमचा दिवस कसा गेला?"

यातली आपुलकी कुठून येते ते मी बराच वेळ बघत बसलो. नमस्काराला नमस्कार आहे. तिने केलेल्या विचारपुशीची दखल आहे, आणि कौतुक तिच्या कृतीचं आहे, आपल्या सुखाचं नाही. शरीर नसणं ही कबुली म्हणून येत नाही, तिच्या उपयोगाची गोष्ट म्हणून येते. आणि शेवटी चेंडू तिच्याकडे जातो. 'मी'बद्दल एकच वाक्य आहे, बाकी सगळं तिच्याकडे वळलेलं आहे. माझ्या जुन्या ओळीत उलट होतं. तिथे सगळं माझ्याबद्दल होतं, आणि तिच्यासाठी प्रश्नही नव्हता.

ताईंनी तेच कार्ड हातात घेऊन पुन्हा लिहिलं : "बरं झालं बाई, दमत नाही ते. मग विचारूनच टाकते. आज ना, गोळीचा जरा घोळ झालाय..."

नवं उत्तर तपासणीला गेलं. 'आपुलकी'त चार गुण मिळाले, जुन्यापेक्षा एक कमी. तपासणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना एकच उत्तर दिसतं, त्यानंतर माणूस बोलला की गप्प झाला हे दिसत नाही. दोष तक्त्याचा आहे. गोडव्याला रकाना आहे, पण समोरच्याने आपली अडचण सांगितली का याला नाही. असा रकाना हवा म्हणून मी लेखी मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही.

नंतर मी आमच्या जुन्या संचात शोध घेतला : 'दमलो', 'दमले', 'वाट बघत', 'बरं वाटलं', 'कंटाळा आला'. माझ्याच हाताचे सतरा संवाद निघाले. सगळ्यांना वरचे गुण होते. त्यातले तीन तर विचारणाऱ्याने काहीच न विचारता संपवलेले होते, आणि तेव्हा मी त्यांच्यापुढे शेरा लिहिला होता : 'गप्पा छान रंगल्या'. आता त्या तिघांची कार्डं मागवली आहेत.