‘संसद आदेश पाडते’ म्हणजे नेमकं कधी?

पुण्यातल्या आमच्या कार्यालयात स्पॅनिश वर्तमानपत्रांची टिपणं निघतात. ग्राहक आयात-निर्यातवाले. बंदरात कंटेनर हलणार की नाही, एवढंच त्यांना हवं असतं.

१६ मार्च २०१७, गुरुवार. स्पेनच्या गोदी कामगारांच्या भरतीची पद्धत बदलणारा सरकारी आदेश संसदेत होता. मथळे धडाधड येऊ लागले, सगळे एकाच साच्याचे: ‘एल कोन्ग्रेसो तुम्बा एल देक्रेतो दे ला एस्तिबा’. शब्दशः, संसद गोदीचा आदेश पाडते. नव्या सहकाऱ्याने टिपणात लिहिलं, ‘संसद आदेश फेटाळण्याच्या तयारीत’. मुलगा हुशार, पण क्रियापद वर्तमानकाळी दिसलं की घटना अजून चालू आहे, असं वर्गात शिकवतात ना!

मतदान तर होऊन गेलं होतं. बाजूने १४२, विरोधात १७५, तटस्थ ३३. मथळ्याखालच्या पहिल्याच वाक्यात ‘आ रेचासादो एस्ते हुएवेस’ होतं, म्हणजे या गुरुवारी फेटाळला आहे. स्पेनमधले पत्रकार त्याच दिवसाच्या घटनेला हा ‘आहे’वाला काळ लावतात, दुसऱ्या दिवशी तेच ‘रेचासो’, फेटाळला, होतं. म्हणून मथळ्यावरून काळ ठरवायचा नाही, खालच्या वाक्यावरून ठरवायचा. शिवाय ‘तयारीत’ या शब्दाने आणखी घोळ झाला. असा आदेश प्रसिद्ध होताच लागू होतो आणि तीस दिवसांत त्यावर संसदेची मोहोर उमटावी लागते. म्हणजे जे पडलं ते विधेयक नव्हतं, अमलात आलेला कायदा होता.

लगेच गोदी कामगारांच्या संपाची धास्ती घेतलेल्या ग्राहकाचा फोन: “मग संप मिटला का?” मथळ्यात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. संपाचे मथळे वेगळेच असतात: ‘कोन्बोकादा ला वेल्गा’, ‘देसकोन्बोकादा ला वेल्गा’. पुकारलेला संप, मागे घेतलेला संप. ‘झाला आहे’ गाळलेलं, आणि पुकारला कुणी, मागे घेतला कुणी, तेही गाळलेलं. आपल्याकडच्या ‘संप मागे’ची सवय असलेल्याला हे अवघड जाऊ नये. पण घाईत पहिल्या तीन अक्षरांवरून, ‘देस’वरून, नजर घसरली की अर्थ उलटतो, आणि ग्राहक ट्रक थांबवून बसतो.

वर्तमानकाळ भविष्याचाही असतो, ही खरी पंचाईत. ‘लोस एस्तिबादोरेस पारान एल लुनेस’, गोदी कामगार सोमवारी काम थांबवतात. होऊन गेलेल्या घटनेला वर्तमानकाळ लावला की स्पॅनिश मथळ्यात सहसा वार देत नाहीत. वार दिसला की बहुधा पुढचा सोमवार समजायचा. ‘बहुधा’ मात्र ग्राहकाला चालत नाही.

त्या जूनमध्ये संप खरंच झाला, तोही एक तास काम आणि एक तास बंद अशा पद्धतीने. वरिष्ठांना अजूनही टिपणात फक्त मथळे हवेत, वेळ वाचतो म्हणे. मी पहिलं वाक्य जोडूनच पाठवते.