किवी कट

रविवारी सकाळी चहा टाकला आणि ताईचे सात फोटो आले. भाच्याच्या वहीची पानं. त्यांची सातवी बेळगावच्या बाहेर प्राण्यांच्या शेल्टरला जाऊन आली, सरांनी ‘निरीक्षणे लिहा आणि तिथल्या लोकांना किमान पाच प्रश्न विचारा’ म्हणून सांगितलेलं. खाली ताईचा मेसेज, "शुद्धलेखन बघ की जरा." शुद्धलेखन राहिलं बाजूला, मी चहा गार होईस्तोवर वाचतच बसले.

पहिलं निरीक्षण असं आहे: ‘तेथे फिनेलचा वास होता. पिल्लांच्या खोलीत आम्हास जाऊ दिले नाही. मी रागावलो.’ मग त्यानंच विचारलंय का जाऊ देत नाही म्हणून, आणि तिथल्या दादांनी नीट सांगितलंय. पिल्लांना पार्व्हो होतो, उलट्या आणि रक्ताचे जुलाब, दोन दिवसांत पिल्लू जातं. तो विषाणू फरशीवर, चपलेला, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलनं मरत नाही, त्याला ब्लीचचं पाणी लागतं. चाळीस पोरांच्या ऐंशी चपला म्हणजे बाहेरून चाळीस गल्ल्या आत आणणं. हे वाक्य भाच्याचं आहे, माझं नाही, मला तर असं सुचणार पण नाही.

पण खरा रिपोर्ट पुढं आहे. टेबलावर एक रजिस्टर होतं, मथळे कन्नडमध्ये, आणि वर्गातल्या एकानं वाचून दाखवलं तर एका रकान्यात ‘किवी कट’. सगळी पोरं हसली. (बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: किवी म्हणजे कान. फळ नव्हे.) नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला भूल असतानाच छोटा काप देतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून पुन्हा फाडायला नको. पोरांनी शाहापूरहून आणलेल्या एका कुत्रीची नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून घेतलीय. कुठल्या गल्लीतनं, कुठल्या खांबाजवळनं उचलली ते आधी लिहायचं, गळ्यात नंबरचा पट्टा घालायचा. मग सड बघायचे, दूध असेल तर पिल्लं मागं कुठंतरी आहेत, तिला आत्ता करायचं नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तेही नाही. रात्री उपाशी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढतात, टाके विरघळणारे, आणि त्याच वेळी रेबीजची लस. पुढं कमीत कमी चार दिवस ठेवून घ्यायचं, २०२३ च्या नियमात तसं आहे म्हणे. ही कुत्री सहा दिवस राहिली कारण ती जखम चाटत होती आणि एका बाजूला सूज होती. सूज उतरली, खायला लागली, मग गाडीत घालून त्याच गल्लीत, त्याच खांबाजवळ.

इथं भाच्यानं प्रश्न टाकलाय: ‘एवढा खर्च करून परत रस्त्यावरच का सोडता?’

मला हा प्रश्न वाचून जरा टोचलं, कारण इथं जर्मनीत येऊन आठ वर्षं झाली, दर सुट्टीत बेळगावला आले की मी पण हाच प्रश्न विचारते, आणि विचारताना आवाज थोडा वर असतो. आमच्याकडं बघा, एक कुत्रं मोकळं दिसत नाही. वगैरे. दादांचं उत्तर असं की गल्लीत जेवढं उष्टं पडतं तेवढी कुत्री तिथं राहणारच. ही उचलून नेली की महिन्याभरात पलीकडच्या गल्लीतली येतात, ती नसबंदी न झालेली, लस नसलेली, आणि नवीन जागेसाठी भांडणारी. जुनी कुत्री परत आली की ती जागा राखते, पण तिला पिल्लं होत नाहीत. आणि हे चार-दोन कुत्र्यांवर चालत नाही, एका भागातली शंभरातली सत्तर तरी व्हायला लागतात, नाहीतर उरलेल्या तीस वर्षातनं दोनदा विऊन होतं तेवढं भरून काढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरनं सुप्रीम कोर्टात गदारोळ झाला तेव्हा शेवटी असंच ठरलं होतं, लस-नसबंदी करून त्याच भागात सोडा, रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं सोडून.

आता आमच्याकडचं बोलते. इथं शेल्टरमधनं कुत्रं कुणाला द्यायचं तर करार, पैसे, घरमालकाचं पत्र, आणि एक बाई घरी येऊन सोफा कुठं आहे ते बघून जाते. आम्हाला नकार मिळाला. कारण आम्ही दोघं नोकरी करतो आणि कुत्रं सहा तास एकटं राहील. सहा तास! बेळगावात आमच्या अनगोळच्या गल्लीतला राजा नावाचा कुत्रा जन्मभर एकटा आहे आणि एकटा कधीच नाही, सकाळी एका घरचा पाव, दुपारी दुसरीकडची भाकरी, संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं झोप. मी त्या बाईंना हे सांगितलं, माझ्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं, त्यांनी ‘गल्लीचं कुत्रं’ हा शब्द दोनदा विचारला आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. तो नकार मी अजून विसरलेले नाही, हे वाचताय त्यांना कळलंच असेल. आता शनिवारी दुसऱ्यांची कुत्री फिरवायला जाते, त्याला परवानगी आहे.

पण याच राजाबद्दल एक कबुली द्यायची आहे, कारण भाच्याच्या चौथ्या प्रश्नानं माझी झोप घालवली. ‘कान कापलेले कुत्रे चावले तर इंजेक्शन घ्यावे लागत नाही ना?’ उत्तर: घ्यावंच लागतं. कानाचा काप एवढंच सांगतो की नसबंदी झाली आणि त्या दिवशी एक लस मिळाली. रेबीजची लस दरवर्षी द्यायची असते, आणि पुढची मिळाली की नाही ते कानावरनं कळत नाही.

गेल्या दिवाळीत बाबांना राजाचा दात लागला. शेपटीवर पाय पडला, त्यानं नडगीला पकडलं आणि सोडलं, दोन ठिपके रक्त. आईनं फोन केला आणि मी इथनं सांगितलं, "त्याचा कान कापलाय की, काही होत नाही, हळद लावा." माझ्या बाजूनं एवढंच की जर्मनीत वटवाघळं सोडली तर जंगली प्राण्यांतला रेबीज २००८ पासून नाही, डोक्यातनं ती भीतीच गेलेली असते. ताईनं माझं ऐकलं नाही. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं पाय धुतला, हळद पुसून काढली, सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती वेगळं इंजेक्शन, आणि लसीच्या चार तारखा, शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. बाबा चारही वेळा गेले. राजाला पण दहा दिवस नजरेखाली ठेवला, तो मस्त होता. तेव्हा मी ताईला म्हटलेलं, उगाच धावपळ केलीस. भाच्याला हे माहीत असणार, नाहीतर हा प्रश्न त्याला सुचला कुठनं.

शेवटच्या पानावर प्रश्न पाच कोरा आहे. त्यानं रात्री व्हॉइस नोट पाठवली, "मावशी, सर म्हणालेत बाहेरच्या देशातला पण एक प्रश्न चालतोय. तुमच्यात बरं झाल्यावर कुत्र्याला परत कुठं सोडतात गं?"

मी तीनदा टाइप केलं. शेवटी लिहिलं: सोडत नाहीत. कुणी नेईपर्यंत आतच ठेवतात. मी शनिवारी ज्याला फिरवते तो चार वर्षं तिथंच आहे.

त्याचा लगेच रिप्लाय: "मग त्याच्या कानाला काय करत नाहीत?"