‘मी ॲपवर फारशी नसते’ या मेसेजला काय लिहावं? माझा अनुभव

डेटिंग ॲपवर प्रोफाइल, फोटो, मॅच, सगळं पटकन झालं. अडलो ते तिच्या पहिल्याच मेसेजवर: “मी इथे फारशी नसते, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.” ती धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते, मी रावेरचा केळीवाला.

यावर लिहायचं काय? माझा आतेभाऊ शेजारी बसलेला. त्याचं एकच, “तिले नंबर माग ना भो!” मला नाही पटलं. उशीर होईल म्हणणाऱ्या बाईकडे लगेच नंबर मागणं म्हणजे तिचं वाक्य वाचलंच नाही असं होतं. नुसतं “चालेल” लिहावं, तर गाडी तिथेच थांबते, कारण तिला उत्तर द्यायला काही उरतच नाही. “हरकत नाही, पण अधूनमधून बघत जा” यात तर सरळ तगादाच. आणि चार प्रश्न एकदम विचारले, तर दमून आलेलं माणूस “नंतर निवांत लिहू” म्हणून मेसेज मिटतं, ते मिटतंच.

शेवटी हे पाठवलं:

“सवडीने लिहा, घाई नाही. केळीचं कटिंग सुरू झालं की माझाही फोन दिवसभर खिशातच असतो. तुमच्या फोटोत तोरणमाळचा यशवंत तलाव आहे ना? तिथे पावसाळ्यात यावं की थंडीत?”

प्रश्न एकच, आणि आठवड्याने उत्तर दिलं तरी शिळा न होणारा. “आज काय केलं?” दुसऱ्या दिवशीच शिळं होतं.

मग वाट बघणं. त्या हिरव्या ठिपक्याने डोकं खाल्लं! ठिपका दिसतोय, मग उत्तर का नाही? नंतर कळलं, काही ॲपवर तो ठिपका गेल्या २४ तासांत केव्हातरी ॲप उघडलं होतं, एवढंच सांगतो. ती आत्ता समोर बसली आहे असं नाही. मधे “हॅलो?”, “बिझी का?” यातलं काहीच पाठवलं नाही, आणि याचा मला अजून अभिमान आहे.

उत्तर आलं ते रात्री उशिरा: “थंडीत या. पावसाळ्यात धुक्यात तलावच सापडत नाही. तुमचं कटिंग आटोपलं का?” कटिंग तिच्या लक्षात होतं! सावकाश उत्तर देणारं आणि टाळणारं माणूस इथे वेगळं ओळखू येतं. टाळणारं “हो”, “बरं” म्हणतं, उलट काही विचारत नाही.

हो, एक राहिलंच. “मी इथे नसते” म्हणून पहिल्याच दिवशी दुसऱ्या ॲपवर ओढणारे, मग पैसे गुंतवायच्या गोष्टी काढणारे असतात, त्यांच्यापासून लांब राहा. खरंच कामात असलेल्या माणसाला तशी घाई नसते.

नंबरचं मी पुढच्या मेसेजात एका ओळीत टाकलं: “दुसरीकडे बोलणं सोपं पडत असेल तर सांगा, नाही तर इथेच बरं.” तिने इथेच बरं म्हटलं. आतेभाऊ अजून हसतोय.